कुकरभर राजमा, पाच डबे आणि प्रत्येक डब्याचे मॅक्रो

प्रश्न: मी रविवारी ५ लिटरच्या कुकरमध्ये राजमा करते आणि सोमवार ते शुक्रवारचे पाच डबे भरते. ॲपमध्ये 'राजमा, १ वाटी' टाकलं की दरवेळी वेगळाच आकडा येतो. शिजल्यावर राजम्याचं वजन दुपटीहून जास्त होतं, मग मोजायचं कच्चं की शिजलेलं? प्रत्येक डब्यात प्रोटीन, कार्ब आणि फॅट किती आलं हे खात्रीने कसं काढायचं?

उत्तर:

हिशोब कच्च्या मालाचा करायचा आणि वाटणी शिजलेल्या मालाची. या दोन कामांसाठी वजनकाटा दोनदा लागतो आणि दोन्ही वेळी वेगळी गोष्ट तोलायची असते. गोंधळ होतो तो ही दोन वजनं एकमेकांत मिसळल्यामुळे.

कोरडा राजमा भिजला की जवळपास दुप्पट होतो आणि शिजून निथळला की साधारण अडीच पट. ही सगळी वाढ पाण्याची. पाण्यात ना प्रोटीन, ना कार्ब, ना फॅट. म्हणजे ४०० ग्रॅम कोरड्या राजम्यात जे होतं तेच शिजल्यावरच्या किलोभर राजम्यात आहे, फक्त पसरलेलं. (भिजवलेलं पाणी ओतून देताना थोडी साखर आणि क्षार जातात, पण डब्याच्या हिशोबात ते दिसणारही नाही.) 'एक वाटी राजमा' म्हणजे नेमकं काय हे ॲपला कळत नाही. कुणाच्या वाटीत दाणे जास्त, कुणाच्या वाटीत रस्सा, कुणाकडे तेलाची तर्री. म्हणून तयार पदार्थाच्या नोंदीकडे जाऊच नका. आपल्या कुकरमध्ये काय पडलं ते लिहा.

एक घाणा धरून चालू. पाच डब्यांना ४०० ग्रॅम कोरडा राजमा पुरतो, डब्यामागे ८० ग्रॅम. ५ लिटरच्या कुकरला हे बरोबर बसतं. कडधान्य फुगतं आणि फेस धरतं, त्यामुळे कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. अर्ध्या किलोच्या पुढे गेलात की भिजलेला राजमा, मसाला आणि पाणी मिळून ती रेघ ओलांडतात. माझं प्रमाण असं: राजमा ४०० ग्रॅम, सोललेला कांदा २५० ग्रॅम, टोमॅटो ३०० ग्रॅम, आलं-लसूण ४० ग्रॅम, सगळे कोरडे मसाले मिळून २० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम आणि शिजवायला ७०० मिलिलिटर पाणी. कांदा सोलून झाल्यावर आणि परतायच्या आधी तोलायचा. परतताना त्यातलं पाणी उडतं, बाकी सगळं तिथेच राहतं.

आता तेलाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचा हिशोब इथेच फसतो आणि दोष मात्र राजम्याला जातो. कांदा तोलताना ५० ग्रॅमची चूक झाली तर पूर्ण कुकरमागे पंचवीसेक कॅलरींचा फरक पडतो, म्हणजे डब्यामागे पाच. विसरून जा. पण फोडणीत दोन चमचे तेल जास्त पडलं तर? १५ मिलिलिटरचा मापाचा चमचा धरला तर त्यात सुमारे १४ ग्रॅम तेल मावतं आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी. दोन चमच्यांचे झाले अडीचशेच्या आसपास, म्हणजे डब्यामागे ५०. घरातली पळी तर कुठल्याच मापात बसत नाही आणि ती काठोकाठ भरली की अर्धी, हे फोडणी देणाऱ्यालाही नंतर आठवत नाही.

यावर सोपा उपाय आहे. तेलाची बरणी काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. फोडणीला तेल ओता, बरणी परत काट्यावर ठेवा. काटा उणे ४० दाखवेल, तेच तुमचं तेल. चमचा मोजायला नको, तेलकट वाटी धुवायला नको. मिलिलिटर आणि ग्रॅम एकच समजू नका. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं ते उगाच नाही.

मग घाण्याची बेरीज. राजम्याचे आकडे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांमधून घेते. १०० ग्रॅम कोरड्या लाल राजम्याला सुमारे २९९ कॅलरी, प्रोटीन २० ग्रॅम, कार्ब ४८.६, तंतू १६.६ आणि फॅट १.८. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण आणि मसाले मी वेगवेगळे मांडत बसत नाही. त्यांची मिळून एक ओळ करून ठेवली आहे, कारण ते प्रमाण दर आठवड्याला तेच असतं.

| घटक | कॅलरी | प्रोटीन | कार्ब | फॅट |
|---|---|---|---|---|
| राजमा ४०० ग्रॅम (कोरडा) | ११९६ | ८० | १९४ | ७ |
| कांदा-टोमॅटो-मसाला | २७० | ११ | ४५ | ४ |
| तेल ४० ग्रॅम | ३६० | ० | ० | ४० |
| पूर्ण कुकर | १८२६ | ९१ | २३९ | ५१ |
| एक डबा (पाचवा भाग) | ३६५ | १८ | ४८ | १० |

वर डब्यामागे साधारण १६ ग्रॅम तंतू. ते वेगळे लिहायचं कारण पुढे येईल.

पाचही डबे अगदी सारखे भरणार असाल तर हिशोब इथेच संपतो. कुकरमधून वाफ किती गेली, रस्सा किती आटला, याचा काही संबंध नाही. पूर्ण घाण्याला पाचाने भागा आणि मोकळे व्हा. पण डबे सारखे भरले गेले हे कशावरून ठरवायचं? इथे वजनकाटा दुसऱ्यांदा लागतो.

त्यासाठी रिकाम्या कुकरचं वजन माहीत हवं, झाकण, रिंग आणि शिट्टी सोडून. एकदाच तोला आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून त्यावर लिहा. समजा तो १३८० ग्रॅमचा आहे. राजमा झाला, वाफ आपोआप उतरली, झाकण काढलं आणि कुकर काट्यावर ३३६५ दाखवतो. म्हणजे आतला माल १९८५ ग्रॅम, डब्यामागे ३९७. घरातले बरेच वजनकाटे ५ किलोपर्यंतच मोजतात, त्यामुळे जाड बुडाचा स्टीलचा कुकर असेल तर आधी काट्याची मर्यादा बघा. जमत नसेल तर माल ओळखीच्या वजनाच्या पातेल्यात काढा. गरम कुकर थेट काट्यावर ठेवू नका. उष्णतेने आकडा सरकत राहतो आणि काट्याची काच तडकायची भीती असते. खाली लाकडी पाट किंवा जाड जाळी ठेवा आणि ती ठेवल्यावर काटा शून्यावर आणा.

आता ३९७ ग्रॅमचे पाच डबे भरले. काटा म्हणतो पाचही सारखे, पण ते सारखे असतीलच असं नाही. राजमा तळाशी बसतो, तर्री वर तरंगते आणि मधे पातळ रस्सा. वरून डाव घालत गेलात तर पहिल्या दोन डब्यांत तेल आणि रस्सा, शेवटच्या दोनांत दाणेच दाणे. वजन सगळ्यांचं ३९७.

फरक किती पडतो बघा. या घाण्यात शिजलेले दाणे साधारण किलोभर आहेत आणि त्यांत ८० ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणजे १०० ग्रॅम दाण्यांमागे ८. एका डब्यात १५० ग्रॅम दाणे गेले तर त्यात राजम्याचं प्रोटीन १२ ग्रॅम. दुसऱ्यात २३० गेले तर १८ च्या वर. मसाल्याचे दोनेक ग्रॅम दोन्हीकडे धरा. सहा ग्रॅमचा फरक, म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतकं प्रोटीन, आणि काट्याला त्याचा पत्ता नाही. तेलाचं तर विचारूच नका. तर्रीवाला सोमवारचा डबा आणि कोरडा शुक्रवारचा डबा यांत फॅटचा फरक सहज दुप्पट होऊ शकतो, आणि आपण दोन्हीकडे १० ग्रॅम लिहून मोकळे.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला रोजच्या घाईचा. वाफ उतरल्यावर डावाच्या पाठीने कुकरच्या कडेला मूठभर दाणे चेचा आणि दोन-तीन मिनिटं मंद आचेवर उकळू द्या. चेचलेल्या दाण्यांच्या पिठाने रस्सा दाटतो, तेल त्यात धरलं जातं आणि दाणे लगेच तळाला जात नाहीत. मग वीसेक मिनिटं तसाच ठेवा, थंड होताना तो आणखी आळतो. पाचही डबे ओट्यावर ओळीने मांडा आणि प्रत्येकात एकेक डाव घालत फेऱ्या करा. एक डबा पूर्ण भरून दुसऱ्याकडे जायचं नाही. प्रत्येक डावाआधी तळापासून ढवळायचं. शेवटच्या फेरीला डबे एकेक करून काट्यावर ठेवून ३९७ पर्यंत आणायचे. कुकरच्या कडेला तीस-चाळीस ग्रॅम चिकटून राहतंच, तेवढं सगळ्यांचं सारखं कमी झालं समजा.

दुसरा रस्ता रस्सा पातळ हवा असणाऱ्यांसाठी, किंवा प्रोटीन नेमकं मोजणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ जिमवाले, किंवा डॉक्टरांनी कार्ब ठरवून दिलेले मधुमेही. मोठ्या पातेल्यावर चाळणी ठेवून कुकर ओता. दाणे वर, रस्सा खाली. दाणे तोला, पाचाने भागा आणि प्रत्येक डब्यात आधी दाणे टाका, इथे साधारण २०० ग्रॅम. मग रस्सा चांगला घुसळून, तर्री मिसळून, सारख्या वजनाने वरून घाला. एक पातेलं आणि एक चाळणी जास्त धुवायची, पण डबे खरोखर सारखे होतात. चिकनच्या रश्श्याला मी हाच रस्ता सांगते, कारण तिथे सगळं प्रोटीन तुकड्यांत असतं आणि तुकडे लहान-मोठे असतात. हाडासकट चिकन असेल तर तुकडे मोजून वाटण्यात अर्थ नाही. एकदा जेवणानंतर ताटात उरलेली हाडं तोला, म्हणजे तुमच्या खाटकाच्या कापणीत हाडाचा वाटा किती असतो ते कळेल. त्यापेक्षा डब्याला बोनलेस बरं.

आता पाच डबे सारखे नको असतील तर. नवऱ्याला मोठा, मुलीला लहान, किंवा रविवारी रात्रीच कुणी वाटीभर खाल्लं, जे प्रत्येक घरात होतंच. अशा वेळी आतल्या मालाचं निव्वळ वजन कामाला येतं. १९८५ ग्रॅममध्ये १८२६ कॅलरी, म्हणजे १०० ग्रॅममागे ९२ कॅलरी, प्रोटीन ४.६, कार्ब १२, फॅट २.६. हा तुमच्या घाण्याचा भाव. रात्री कुणी वाटी घेतली आणि ती २१० ग्रॅम भरली, तर खाणाऱ्याच्या नावावर १९३ कॅलरी. उरले १७७५ ग्रॅम, डब्यामागे ३५५. त्याचे झाले ३२७ कॅलरी, प्रोटीन १६, कार्ब ४३, फॅट ९. वाटी तोलायची राहिली तरी बिघडत नाही. उरलेला कुकर परत तोला, फरक म्हणजे ती वाटी.

हा भाव दर आठवड्याला बदलतो हे लक्षात ठेवा. या रविवारी रस्सा जास्त आटला आणि माल १७५० ग्रॅमच भरला, तर १०० ग्रॅमची किंमत ९२ वरून १०४ कॅलरींवर जाते. पूर्ण कुकर मात्र १८२६ चाच. म्हणून मागच्या आठवड्याचा भाव उचलून या आठवड्याच्या डब्याला लावू नका. निव्वळ वजन दरवेळी नव्याने घ्या, एवढं एक मिनिट द्याच.

भात त्याच डब्यात जाणार असेल तर त्याचा हिशोब वेगळा ठेवा, राजम्यात मिसळू नका. २५० ग्रॅम कोरडा तांदूळ पाच जणांत म्हणजे प्रत्येकी ५० ग्रॅम, त्याचे १७८ कॅलरी, प्रोटीन ४, कार्ब ३९, फॅट नगण्य. शिजलेला भात पूर्ण तोलून पाचाने भागा, इथे सगळं एकजीव असल्यामुळे वरचा कुठलाच घोळ नाही. राजमा-भात मिळून डबा ५४३ कॅलरी, प्रोटीन २२, कार्ब ८७, फॅट १०.

शेवटी ॲपबद्दल, कारण मूळ तक्रार तिथली आहे. ॲपमध्ये 'राजमा' शोधलात की दहा नोंदी येतात आणि त्यांतली कच्ची कोणती, शिजलेली कोणती हे नावावरून कळत नाही. कॅलरी बघा. १०० ग्रॅमला ३०० ते ३४० असेल तर ती कोरड्या राजम्याची. १२० ते १३० असेल तर उकडलेल्या, निथळलेल्या राजम्याची. ८० ग्रॅम कोरडा राजमा उकडलेल्याच्या नोंदीत टाकलात तर २३९ ऐवजी शंभरच कॅलरी दिसतील आणि प्रोटीन १६ ऐवजी ७. उलटं केलं, म्हणजे २०० ग्रॅम शिजलेले दाणे कोरड्याच्या नोंदीत टाकले, तर ६०० कॅलरी आणि ४० ग्रॅम प्रोटीन. वाटीभर राजम्यात ४० ग्रॅम प्रोटीन असल्याचं कुणी सांगत आलं की मला कळतं कुठली नोंद निवडली.

नोंद धड आहे का ते तपासायची आणखी एक युक्ती आहे. प्रोटीनला ४ ने, कार्बला ४ ने, फॅटला ९ ने गुणा आणि बेरीज करा. ती कॅलरींच्या आसपास यायला हवी. आपल्या डब्याचं: १८ चे ७२, ४८ चे १९२, १० चे ९०, एकूण ३५४. डबा ३६५ चा. उरलेलं तंतूंच्या खात्यावर जातं, त्यांतूनही थोडी ऊर्जा मिळते. फरक ७०-८० चा असेल तर नोंदीत काहीतरी चुकलं आहे, बहुतेक वेळा कुणीतरी फॅट टाकायचं विसरलेलं असतं.

तंतूंचा घोळ मात्र खरा आहे. हैदराबादच्या तक्त्यात कार्ब तंतू वगळून दिलेत, म्हणून ४८.६. अमेरिकन कृषी खात्याच्या आकड्यांत, आणि बरीच ॲप तेच वापरतात, कार्बमध्ये तंतू धरलेले असतात, म्हणून तोच राजमा ६१ ग्रॅम कार्बचा दिसतो आणि कॅलरीही ३३५ च्या घरात जातात. डब्यामागे कार्बमध्ये दहा ग्रॅमचा आणि कॅलरीत तीसेकचा फरक. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, मोजायची पद्धत वेगळी आहे. राजमा एका तक्त्यातून आणि तांदूळ दुसऱ्यातून घेऊ नका. मधुमेहासाठी कार्ब मोजत असाल तर तुमच्या आहारतज्ज्ञाला विचारा की त्यांनी दिलेली मर्यादा तंतूंसकट आहे की वगळून, आणि त्याप्रमाणे एकच तक्ता धरा.

आणि डब्यावर लिहिताना १८.२ ग्रॅम प्रोटीन असं दशांशात लिहू नका. राजम्याच्या जातीनुसार, त्यातल्या ओलाव्यानुसार पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होतंच. चिकटपट्टीवर तारीख, वजन आणि चार पूर्णांक पुरे: ३६५ / १८ / ४८ / १०. डबे भरल्यावर झाकण उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, पण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ढकला, भाताचे तर त्याहून लवकर. सोमवार ते बुधवारचे खाली फ्रिजमध्ये, गुरुवार-शुक्रवारचे फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला डबा आदल्या रात्री खाली काढा. गरम करताना राजमा दाट वाटला तर खुशाल अर्धी वाटी पाणी घाला, पट्टीवरचे आकडे तेच राहतात. वरून तूप सोडलंत तर मात्र ते त्या दिवशीच्या नोंदीत वेगळं टाका, चहाच्या चमचाभर तुपाचे चाळीसेक कॅलरी.